३८० कोटी कप्प्यांचा तक्ता आणि दोन ओळी: ओसीआरच्या चुका मोजण्याचे एक प्रकरण

एका जुन्या मराठी पुस्तकाची पाने स्कॅन करून ओसीआरमधून काढली आहेत. त्याच पुस्तकाचे एक प्रकरण माणसाने हाताने टंकून, दोनदा तपासून ठेवले आहे. प्रश्न साधा आहे: ओसीआरने या प्रकरणात किती चुका केल्या, आणि त्या कोणत्या? पहिल्या भागाचे उत्तर एका आकड्यात हवे, म्हणजे बाकीची पाने त्याच यंत्रातून काढायची की सेटिंग बदलायचे हे ठरवता येईल. दुसऱ्या भागाचे उत्तर यादीच्या रूपात हवे: घ चा ध किती वेळा झाला, भ चा म किती वेळा, ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ किती वेळा.

टंकलेल्या प्रतीत ६२,००० कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक असलेली अक्षरे, वेलांट्या आणि खुणा आहेत, ओसीआरच्या प्रतीत ६१,४००. अशा कामात एका लांब प्रकरणाचा आकार साधारण एवढा येतो, म्हणून पुढचा सगळा हिशोब याच आकड्यांवर करू.

ओळीला ओळ लावून तुलना करायचा मोह होतो, पण तो टाळावा लागतो. ओसीआर एखादी ओळ गाळतो, दोन ओळी एकत्र करतो, पानाच्या डोक्यावरचे शीर्षक मजकुरात घुसवतो. एक ओळ सरकली की तिच्याखालची प्रत्येक ओळ चुकीच्या ओळीशी जुळवली जाते आणि चुकांचा आकडा कैक पटींनी फुगतो. म्हणून संपूर्ण प्रकरण ही एकच लांब स्ट्रिंग धरायची आणि दोन स्ट्रिंगमधले संपादन अंतर काढायचे.

अंतर म्हणजे नेमके काय

पहिल्या स्ट्रिंगची दुसरी करायची आहे. तीनच कृती करता येतात: एक चिन्ह गाळणे, एक चिन्ह घालणे, एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणे. प्रत्येक कृतीची किंमत १. कमीत कमी किती किमतीत काम होते, तो आकडा म्हणजे अंतर. ही व्याख्या सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. तक्ता भरून अंतर काढण्याची जी पद्धत आज सगळीकडे वापरतात, ती वॅग्नर आणि फिशर यांनी १९७४ साली मांडलेल्या रूपात ओळखली जाते.

तक्त्यातल्या `D[i][j]` या कप्प्यात पहिल्या स्ट्रिंगची पहिली `i` चिन्हे आणि दुसरीची पहिली `j` चिन्हे यांच्यातले अंतर असते. तो कप्पा तीन शेजाऱ्यांवरून भरतो:

```
D[i][j] = min( D[i-1][j] + 1,
               D[i][j-1] + 1,
               D[i-1][j-1] + (0 किंवा 1) )
```

वरच्या कप्प्यातून आलो तर पहिल्या स्ट्रिंगमधले चिन्ह गाळले. डावीकडून आलो तर दुसरीतले चिन्ह घातले. तिरके आलो तर दोन्ही चिन्हे समोरासमोर ठेवली: ती सारखी असतील तर ०, नसतील तर १.

«कमळ» पासून «कळस» पर्यंतचा तक्ता छोटा आहे आणि पुढे तीन वेळा उपयोगी पडणार आहे, म्हणून तो पूर्ण मांडू.

```
        क   ळ   स
    0   1   2   3
क   1   0   1   2
म   2   1   1   2
ळ   3   2   1   2
```

वरची ओळ म्हणजे रिकाम्या स्ट्रिंगपासून अंतर, म्हणून ०, १, २, ३. डावा स्तंभही तसाच. खालच्या उजव्या कोपऱ्यातला २ हे उत्तर. त्या २ पर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोहोचता येते. एक: म गाळायचा, ळ तसाच ठेवायचा, शेवटी स घालायचा. दुसरी: म च्या जागी ळ आणि ळ च्या जागी स. किंमत दोन्हींची सारखीच. आकड्यापुरता हा फरक गौण आहे, पण चुकांची यादी करताना तोच त्रास देतो.

मेमरी कुठे संपते

आपल्या प्रकरणाचा तक्ता ६२,००० × ६१,४०० म्हणजे सुमारे ३८० कोटी कप्प्यांचा. प्रत्येक कप्प्याला ४ बाइट धरले तर १५.२ जीबी. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे बसत नाही. अंतर ६२,००० च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून दोन बाइटचा पूर्णांकही चालेल, कारण त्याची मर्यादा ६५,५३५ आहे. पण मग ७.६ जीबी लागतात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला जागाच उरत नाही, आणि प्रकरण थोडे लांबले की पूर्णांकाची मर्यादाही ओलांडली जाते.

साध्या पायथन लिस्टमध्ये चित्र याहून वाईट आहे. लिस्टच्या प्रत्येक जागेत ८ बाइटचा पॉइंटर असतो, आणि २५६ पेक्षा मोठा पूर्णांक सहसा स्वतंत्र २८ बाइटची वस्तू म्हणून बनतो. कप्प्यामागे ३६ बाइट धरले तर सुमारे १३७ जीबी होतात. कार्यक्रम लगेच बंद पडतोच असे नाही. बऱ्याचदा डिस्कवर स्वॅप सुरू होतो, पंखा फिरत राहतो, काम पुढे सरकत नाही, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम प्रक्रिया मारते. प्रोसेसरचा वापर एकदम खाली आला आणि डिस्कचा वाढला, तर दोष लूपच्या वेगात शोधू नये, तक्त्याच्या आकारात शोधावा.

दोनच ओळी

आता सूत्राकडे पुन्हा पाहू. `D[i][j]` ला लागणारे तीन शेजारी फक्त दोन ओळींत आहेत: स्वतःची ओळ आणि लगेच वरची. तिसरी ओळ भरताना पहिल्या ओळीकडे कोणी बघत नाही. म्हणजे ३८० कोटी कप्पे मोजावे लागतात हे खरे, पण साठवावे लागत नाहीत. मागची ओळ आणि चालू ओळ एवढ्याच ठेवायच्या, चालू ओळ भरून झाली की ती मागची होते, आणि जुन्या मागच्या ओळीची जागा नव्या चालू ओळीला मिळते.

```python
def antar(a, b):
    if len(b) > len(a):
        a, b = b, a
    prev = list(range(len(b) + 1))
    curr = [0] * (len(b) + 1)
    for i, x in enumerate(a, 1):
        curr[0] = i
        for j, y in enumerate(b, 1):
            curr[j] = min(prev[j] + 1,
                          curr[j-1] + 1,
                          prev[j-1] + (x != y))
        prev, curr = curr, prev
    return prev[-1]
```

सुरुवातीची अदलाबदल मेमरीसाठी आहे. ओळीची लांबी `b` वरून ठरते, म्हणून छोटी स्ट्रिंग `b` मध्ये हवी. आपल्या प्रकरणात दोन्ही जवळपास सारख्याच आहेत, पण एका बाजूला दहा शब्दांचे वाक्य आणि दुसऱ्या बाजूला सगळे प्रकरण असेल तर फरक मोठा पडतो. तिन्ही कृतींची किंमत सारखी आहे तोवरच ही अदलाबदल निर्धास्त करता येते. गाळण्याची किंमत १ आणि घालण्याची २ अशी ठेवली असेल, तर स्ट्रिंग बदलताना त्या दोन किमतीही आपापसात बदलाव्या लागतात.

४ बाइटचे पूर्णांक असलेल्या सपाट ॲरेमध्ये दोन ओळींना २ × ६१,४०१ × ४ = ४,९१,२०८ बाइट लागतात. म्हणजे १५.२ जीबीच्या जागी अर्धा एमबीही नाही. पायथन लिस्ट वापरली तरी साडेचार एमबीच्या आत भागते. वेळ मात्र तेवढाच राहतो, कारण कप्पे तेवढेच भरायचे आहेत. सी मध्ये लिहिलेला हाच लूप काही सेकंदांत संपतो, कारण दोन ओळी प्रोसेसरच्या कॅशेत मावतात आणि मुख्य मेमरीकडे फारसे जावे लागत नाही. शुद्ध पायथनमध्ये त्याला पाव तास किंवा त्याहून जास्त लागतो. लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा वेळेचा हा खर्च सर्व स्ट्रिंगसाठी ठळकपणे कमी करता येईल अशी आशाही नाही: संगणनशास्त्रात सर्वसाधारणपणे मान्य असलेले एक गृहीतक खोटे ठरल्याशिवाय ते शक्य नाही, हे २०१५ मध्ये बॅकर्स आणि इंडिक यांनी दाखवले.

दोनाऐवजी एकाच ओळीत काम करता येते. मग तिरक्या शेजाऱ्याची जुनी किंमत पुसण्याआधी एका वेगळ्या चलात धरून ठेवावी लागते. मेमरी आणखी निम्मी होते, पण अर्ध्या एमबीचे पाव एमबी करून या प्रकरणात काहीच साधत नाही, आणि चुकीला एक जागा वाढते. लांबी कोट्यवधींत नसेल तर दोन ओळींवर थांबावे.

या तेरा ओळींत काय बिघडते

पूर्ण तक्ता असताना चूक झाली तर तो छापून पाहता येतो. फिरत्या ओळींत पुरावा पुसला जातो, आणि चुकीचा कोडही व्यवस्थित दिसणारा आकडा देतो. चार चुका वारंवार होतात. प्रत्येकीची खूण वेगळी आहे.

पहिली म्हणजे लूपच्या शेवटच्या ओळीत `prev, curr = curr, prev` ऐवजी `prev = curr` लिहिणे. पायथनमध्ये याने ओळीची प्रत बनत नाही, एकाच लिस्टला दोन नावे मिळतात. पहिली फेरी बरोबर होते. दुसऱ्या फेरीपासून तिरका शेजारी म्हणून आत्ताच लिहिलेली नवी किंमत वाचली जाते. म्हणून «क» आणि «क» ची चाचणी ० देते आणि सगळे ठीक वाटते, पण «कम» आणि «कम» ची चाचणी १ देते. स्ट्रिंगचे स्वतःशी अंतर शून्यच असले पाहिजे, आणि ही चाचणी किमान दोन चिन्हांच्या स्ट्रिंगवर घ्यायची.

दुसरी चूक अधिक लबाड आहे: `curr[0] = i` ही ओळ राहून जाणे. मग डावा स्तंभ ०, १, २, ३ न राहता सगळा शून्याचा होतो. त्याचा अर्थ असा की पहिल्या स्ट्रिंगच्या सुरुवातीचा कितीही भाग फुकट गाळता येतो. «निसर्ग» आणि «सर्ग» यांचे खरे अंतर २ आहे, न आणि वेलांटी अशी दोन चिन्हे गाळावी लागतात, पण हा कोड ० देतो. मोठ्या मजकुरात एखादा शब्द शोधायचा असतो तेव्हा शून्याची अशी कड मुद्दाम ठेवतात, म्हणून तो सूत्रातला दोष वाटत नाही. आपल्या प्रकरणात टंकलेल्या प्रतीच्या सुरुवातीला प्रकरणाचे शीर्षक आहे आणि ओसीआरने ते चित्र समजून सोडले, अशी कल्पना करा. ती चूक आकड्यात येणारच नाही आणि ओसीआर आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. आकडा फुगला की माणूस तपासतो, कमी आला की खूश होऊन पुढे जातो. म्हणून रिकाम्या स्ट्रिंगची आणि पुढे जास्तीचा मजकूर असलेल्या स्ट्रिंगची चाचणी आवर्जून ठेवावी.

तिसरी चूक शेवटच्या वाचनात होते. अदलाबदल झाल्यावर ताजी ओळ `prev` मध्ये असते. `curr[-1]` परत केले तर शेवटून दुसऱ्या ओळीचे उत्तर मिळते. वरच्या «कमळ–कळस» तक्त्यात पाहा: शेवटच्या दोन्ही ओळींच्या टोकाला २ च आहे. म्हणजे हे उदाहरण चाचणीत घातले तर ही चूक पकडली जाणार नाही. «कम» आणि «कम» घातले तर लगेच १ येतो.

चौथी चूक अल्गोरिदमच्या बाहेर, मजकूर कसा साठवला आहे यात दडलेली असते, आणि मराठी मजकुरात तिचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नसते.

चिन्ह कशाला म्हणायचे

लूप वेगवान करण्यासाठी कोड सी मध्ये नेला आणि मजकूर यूटीएफ-८ बाइटच्या रूपात तसाच दिला, तर तुलना बाइटची होते, चिन्हांची नाही. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो. त्यामुळे दोन्ही स्ट्रिंगची लांबी जवळपास तिप्पट होते, ओळीची मेमरी तिप्पट आणि वेळ नऊपट. आकडाही बिघडतो. क आणि ख यांच्यात शेवटचा एकच बाइट वेगळा आहे, म्हणून ती चूक १ मोजली जाते. ऱ्हस्व वेलांटी `U+093F` आहे आणि दीर्घ `U+0940`. या दोघींच्या मधूनच यूटीएफ-८ ची सीमा जाते:

```
ि   E0 A4 BF
ी   E0 A5 80
```

इथे दोन बाइट वेगळे आहेत, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक २ मोजली जाते. उकारांच्या बाबतीत, म्हणजे `U+0941` आणि `U+0942` मध्ये, तीच चूक १ मोजली जाते. एकाच प्रकारच्या दोन चुकांना दोन किमती, आणि त्याही केवळ कोडतक्त्यातल्या जागेमुळे. सी मध्ये जायचे असेल तर आधी मजकुराचे ३२ बिटच्या पूर्णांकांच्या ॲरेत रूपांतर करावे, एका कोड पॉइंटला एक पूर्णांक.

पायथनची स्ट्रिंग कोड पॉइंटनेच चालते, तिथे हा प्रश्न येत नाही. पण दुसरा येतो. «दुसऱ्या» मधला आडवा रफार दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ, हलन्त, य असे तीन कोड पॉइंट असतात, तर दुसऱ्यात र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह `U+200D`, य असे चार. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अंतर मात्र २ येते: र–ऱ चा बदल एक आणि जोडचिन्हाची भर एक. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण इथे पुरत नाही. ते र आणि नुक्ता अशी फोड केलेली जोडी एकत्र करून ऱ बनवते, पण जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही.

यावर सगळी जोडचिन्हे सरसकट पुसून टाकणे हा सुचणारा पहिला उपाय चुकीचा आहे. तसे केले की `U+200D` ने लिहिलेला «दऱ्या» चा «दर्या» होतो. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि ओसीआरने त्यांची गल्लत केली तर ती खरी चूक म्हणून मोजली गेली पाहिजे. आधी आडव्या रफाराचे रूप एक करायचे, मग उरलेली जोडचिन्हे काढायची:

```python
import unicodedata

def ekrup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    s = s.replace("\u200D", "").replace("\u200C", "")
    return " ".join(s.split())
```

शेवटची ओळ सगळ्या रिकाम्या जागा आणि ओळी तोडणाऱ्या खुणा एकेका स्पेसवर आणते. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन तोडलेले शब्द ती जोडत नाही. पुस्तकात तसे असेल तर त्याचा नियम वेगळा लिहावा लागतो, आणि तो दोन्ही प्रतींना सारखाच लावावा लागतो.

आपल्या प्रकरणात प्रमाणीकरणाशिवाय अंतर २,१७० आले असे धरू. टंकलेल्या प्रतीच्या लांबीने भागले की चुकांचे प्रमाण ३.५ टक्के. या मजकुरात आडव्या रफाराच्या १३० जागा आहेत, टंकलेल्या प्रतीत त्या ऱ ने लिहिल्या आहेत आणि ओसीआरने जोडचिन्हाने. त्यातून २६० खोट्या चुका आल्या. त्या गेल्या की अंतर १,९१० आणि प्रमाण ३.१ टक्क्यांच्या किंचित खाली. दोन ओसीआर यंत्रांची तुलना चालू असेल तर एवढ्या फरकाने निवड उलटू शकते, आणि ती अक्षरे ओळखण्याच्या गुणवत्तेवर न होता लिहिण्याच्या सवयीवर झालेली असेल.

चुकांची यादी हवी, पण तक्ता तर पुसला

आकडा मिळाला. आता प्रश्नाचा दुसरा भाग. पूर्ण तक्ता असता तर खालच्या कोपऱ्यातून मागे मागे जात प्रत्येक पायरीला कोणती कृती झाली ते वाचता आले असते. दोन ओळींत ती वाटच उरत नाही. फिरत्या ओळींची ही खरी किंमत आहे आणि ती सुरुवातीलाच ठाऊक असावी: अंतर मिळते, जुळणी मिळत नाही.

हर्शबर्ग यांनी १९७५ साली यातून मार्ग काढला. मूळ काम दोन्ही स्ट्रिंगमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या चिन्हांची सर्वांत लांब मालिका शोधण्यासाठी होते, पण संपादन अंतराला ते जसेच्या तसे लागू पडते. पहिल्या स्ट्रिंगचे मधोमध दोन तुकडे करायचे. सर्वोत्तम जुळणी दुसऱ्या स्ट्रिंगला कुठे ना कुठे तोडणारच: तिचा काही भाग पहिल्या तुकड्याशी जुळेल, उरलेला दुसऱ्याशी. ती जागा शोधायला दोन फिरत्या ओळी पुरतात. पहिल्या तुकड्यासाठी पुढून मोजून शेवटची ओळ घ्यायची. दुसऱ्या तुकड्यासाठी दोन्ही स्ट्रिंग उलट्या करून मागून मोजायचे आणि मिळालेली ओळ उलटी करायची. दोन्ही ओळींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे तोड.

«कमळ» चे तुकडे «क» आणि «मळ». «क» ची पुढून आलेली ओळ वरच्या तक्त्यातच आहे: १, ०, १, २. «मळ» चे «कळस», «ळस», «स» आणि रिकामी स्ट्रिंग यांच्यापासूनचे अंतर २, २, २, २. बेरीज ३, २, ३, ४. सर्वांत कमी २ दुसऱ्या जागी, म्हणजे «कळस» ची तोड क च्या नंतर. ती किमान बेरीज म्हणजेच पूर्ण अंतर, हेही जमून आले. आता «क–क» आणि «मळ–ळस» हे दोन छोटे प्रश्न उरले, त्यांना हीच कृती.

```python
def jodni(a, b):
    if not a:
        return [("", y) for y in b]
    if not b:
        return [(x, "") for x in a]
    if len(a) == 1:
        k = max(b.find(a), 0)
        return ([("", y) for y in b[:k]] + [(a, b[k])]
                + [("", y) for y in b[k+1:]])
    m = len(a) // 2
    p = ol(a[:m], b)
    s = ol(a[m:][::-1], b[::-1])[::-1]
    k = min(range(len(b) + 1), key=lambda j: p[j] + s[j])
    return jodni(a[:m], b[:k]) + jodni(a[m:], b[k:])
```

`ol` म्हणजे वरचेच `antar`, फक्त ते शेवटचा आकडा न देता संपूर्ण `prev` परत करते, आणि त्यात सुरुवातीची अदलाबदल नाही. ही दुसरी अट विसरली जाते. छोटी स्ट्रिंग आपोआप `b` होत असेल तर काही तुकड्यांना `a` च्या लांबीची ओळ परत येते. मग बेरीज चुकीच्या जागांची होते, किंवा ॲरेच्या बाहेर गेल्याची त्रुटी येते. एका चिन्हाच्या `a` साठी वेगळी पायरी ठेवली आहे, तीही गाळता येत नाही: एकाचा मध्य शून्यावर येतो, डावा तुकडा रिकामा आणि उजवा होता तेवढाच राहतो, आणि पुन्हा पुन्हा स्वतःला बोलावणे थांबतच नाही.

वेळ दुप्पट होतो, त्याहून जास्त नाही. पहिल्या पातळीवर सगळे ३८० कोटी कप्पे, दुसरीवर त्याच्या निम्मे, तिसरीवर चौथाई, असे सुमारे ७६० कोटींच्या आत थांबते. ६२,००० चे अर्धे अर्धे करत सोळा पातळ्यांत एका चिन्हापर्यंत पोहोचतो, म्हणून पायथनची रिकर्शनची मर्यादा आड येत नाही.

जोड्यांची यादी हाती आली की दोन चिन्हे वेगळी असलेल्या जोड्या मोजायच्या. इथे मघाची बरोबरी परत येते. «मळ–ळस» ची तोड शोधताना पहिल्या दोन जागांची बेरीज सारखीच, २, येते. `min` पहिली जागा घेतो, म्हणून म गाळला गेला, ळ जुळला, स घातला गेला. दुसरी जागा घेतली असती तर यादीत म–ळ आणि ळ–स असे दोन बदल पडले असते, आणि ओसीआर म ला ळ समजतो असा निष्कर्ष निघाला असता. तसे काही झालेले नसते. शेजारी शेजारी चुका असतात तिथे जुळणी कोणती निवडली जाईल हे कोडच्या बारीकसारीक तपशिलावर ठरते, म्हणून त्या जागांवरच्या जोड्या विश्वासाच्या नसतात. ज्या बदलाच्या दोन्ही बाजूंची चिन्हे तंतोतंत जुळली आहेत, तेवढेच बदल गोंधळाच्या यादीत धरावेत. यादी छोटी होते, पण घ–ध, भ–म, थ–य, ब–व या खऱ्या जोड्या वर येतात आणि गोंगाट खाली राहतो.

वेळही कमी करायचा असेल तर

पुस्तकात अशी वीस प्रकरणे असतील तर वेळेचाही विचार करावा लागतो. अंतर २,५०० च्या वर जाणार नाही असा अंदाज असेल, तर मुख्य कर्णापासून २,५०० पेक्षा दूर असलेले कप्पे भरायचे कारण नाही. तेवढे दूर जायलाच तितक्या वेळा गाळावे किंवा घालावे लागते. प्रत्येक ओळीत ५,००१ कप्पे, एकूण ३१ कोटी: पूर्ण तक्त्याच्या बाराव्या भागाहून थोडे कमी. पट्ट्याचा हा विचार उक्कोनेन यांनी १९८५ साली नीट मांडला. उत्तर २,५०० किंवा त्याहून कमी आले तर ते नक्की बरोबर. जास्त आले तर त्याच्यावर विसंबता येत नाही, पट्टा दुप्पट करून पुन्हा मोजावे लागते. फिरत्या ओळींत पट्टा बसवताना पट्ट्याबाहेरच्या कप्प्यात मागच्या फेरीची शिळी किंमत उरणार नाही याची काळजी घ्यावी, म्हणजे दोन्ही कडांच्या बाहेरच्या एकेका कप्प्यात खूप मोठा आकडा लिहावा. नाहीतर `min` ती शिळी किंमत उचलतो आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी येते.

स्कॅन करताना एक पान राहून गेले असेल तर हा पट्टा एकदम तोकडा पडतो. एका पानात दीड-दोन हजार कोड पॉइंट सहज असतात, आणि ते सगळे अंतरात मोजले जातात. १,९१० च्या जागी अचानक ३,७०० आले तर ओसीआर बिघडला असे समजण्याआधी `jodni` च्या यादीत एका बाजूला सलग रिकामे असलेले लांब पट्टे शोधावेत. पन्नासहून जास्त चिन्हांचा सलग पट्टा म्हणजे अक्षरे ओळखण्यातली चूक क्वचितच असते. ते राहिलेले पान, गळलेली ओळ किंवा घुसलेले शीर्षक असते. त्यांची लांबी वेगळ्या रकान्यात मोजावी, उरलेल्या चुकांना त्या पट्ट्यांबाहेरच्या चिन्हांनी भागावे, आणि ते पान पुन्हा स्कॅनला पाठवावे.